पोर्टफोलिओसोबतचं कव्हर लेटर: मसुदा वाचून सांगाल का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. यंदा ग्राफिक डिझाइनची पदवी पूर्ण झाली. एका छोट्या स्टुडिओत ज्युनिअर डिझायनरची जागा निघाली आहे. ओळखचिन्हं, प्रदर्शनं आणि इमारतींमधल्या दिशादर्शक पाट्या असं त्यांचं काम असतं. जाहिरात मराठीत आहे, म्हणून पत्रही मराठीतच लिहितेय. जाहिरातीत एवढंच म्हटलंय, की पोर्टफोलिओ पाठवा आणि सोबत छोटं पत्र जोडा.

पोर्टफोलिओची पीडीएफ तयार आहे. सहा प्रकल्प, 28 पानं. शिक्षकांनी बारकाईने बघून दिलीय, त्यामुळे तिची फारशी काळजी नाही. अडलंय ते पत्राशी. हा मसुदा:

> माननीय महोदय/महोदया,
> मी नुकतीच ग्राफिक डिझाइनची पदवी प्राप्त केली असून आपल्या नामांकित स्टुडिओमध्ये ज्युनिअर डिझायनर या पदासाठी अर्ज करीत आहे. मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे. मी मेहनती, सर्जनशील व नवीन गोष्टी झटपट शिकणारी आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि फिग्मा यांवर माझे प्रभुत्व आहे. आपल्या स्टुडिओचे काम मला अत्यंत प्रेरणादायी वाटते. संधी मिळाल्यास मी तिचे नक्कीच सोने करीन. सोबत पोर्टफोलिओ जोडला आहे.
> आपली विश्वासू

व्याकरण ठीक आहे. पण हे वर्गातल्या कुणाच्याही नावाने खपेल असं सारखं वाटतंय. काय काढू आणि त्या जागी काय घालू?

रंगारी

अभिनंदन! स्पष्टच सांगतो, आपल्या क्षेत्रात पत्र कुणी वाचत नाही. लिंक उघडतात, काम बघतात, आवडलं तर बोलावतात. 'सोबत पोर्टफोलिओ जोडला आहे, कृपया पाहावा' एवढ्या दोन ओळी पुरेत. उरलेला वेळ पोर्टफोलिओच्या पहिल्या चार पानांवर घाल. काम बोलतं.

अभंग_रेषा

कव्हरबद्दल माझं मत: नाव मोठं, 'पोर्टफोलिओ' हा शब्द लहान, आणि पार्श्वभूमीला स्वतःचंच एखादं काम. कव्हरवर मजकूर जितका कमी तितका बरा. आणि कव्हरला पान क्रमांक घालू नकोस, वाईट दिसतो.

कोरा_कागद

@अभंग_रेषा, धन्यवाद, पण मी पोर्टफोलिओच्या मुखपृष्ठाबद्दल नाही, सोबतच्या पत्राबद्दल विचारतेय. मुखपृष्ठाला क्रमांक नाहीच आहे.

@रंगारी, दोन ओळींचं पत्रही चालेल हो, पण जाहिरातीत मुद्दाम मागितलंय. कुणीच वाचत नसेल तर मागतील कशाला?

निळी_शाई

माझ्याकडे ज्युनिअरच्या जागेसाठी अर्ज येतात आणि पहिली चाळणी मीच लावते. त्यामुळे प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

रंगारी अर्धं बरोबर सांगताहेत. पत्र आधी वाचलं जात नाही. मेल उघडला की हात पहिल्यांदा लिंकवर जातो. मी पीडीएफ भराभर खाली सरकवते. काही ठिकाणी थांबते, बऱ्याच ठिकाणी थांबत नाही. कामच आवडलं नाही तर तिथेच थांबते, मग पत्र कितीही चांगलं असो. पण जिथे थांबले, तिथे डोक्यात प्रश्न येतात. हे काम हिने एकटीने केलं की गटात? गटात असेल तर यातलं हिचं काय? खऱ्या ग्राहकासाठी होतं की वर्गातलं? हे असं का केलं असेल? या प्रश्नांची उत्तरं शोधायला मी पत्राकडे परत येते. आणि तिथे 'मेहनती, सर्जनशील, झटपट शिकणारी' वाचायला मिळतं.

ताज्या पदवीधरांच्या अर्जांत हे जास्तच जाणवतं. एकाच वर्गातून, एकाच शिक्षकांच्या हाताखालून आलेले पोर्टफोलिओ दिसायला सारखे असतात. पाट्यांचा एक प्रकल्प, एक खोका किंवा बाटली, एक अ‍ॅप, एक पोस्टरमालिका. हात कुणाचा बरा ते कळतं, पण विचार कोण करतं ते चित्रातून नेहमी कळत नाही. ते पत्रातून कळतं.

म्हणून माझ्या मते पत्राचं काम एकच: पोर्टफोलिओत जे दिसू शकत नाही ते सांगणं. सगळ्या प्रकल्पांबद्दल नाही, एकाच. तो या स्टुडिओच्या कामाच्या सर्वांत जवळचा असावा.

आता तुझ्या मसुद्याचं. प्रत्येक वाक्य घे आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं नाव खाली घालून बघ. वाक्य तरीही खरं ठरत असेल तर ते काढ. तुझ्या मसुद्यात बहुतेक 'पदासाठी अर्ज करीत आहे' एवढंच शिल्लक राहील, आणि ते राहायलाच हवं.

सांग, पाट्यांचं काही केलंयस का? केलं असशील तर कोणत्या पानांवर आहे, गटात किती जण होते, तू नेमकं काय केलंस, आणि मध्येच काय बदलावं लागलं? पत्राच्या भाषेत नको, इथे बोलल्यासारखं लिही.

कोरा_कागद

ताई, इतकं सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार.

हो, शेवटच्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी पाट्या केल्या. पान 9 ते 14. चौघांचा गट होता. दोघांनी लोकांचं निरीक्षण आणि नकाशा केला, एकाने थ्रीडी मॉकअप आणि रंग बघितले. बाण, चिन्हं आणि पाट्यांवरच्या मजकुराची मांडणी माझ्याकडे होती.

बदललं ते असं. इमारत तीन मजली आहे. तळमजल्यावर जिन्याच्या अगदी पायथ्याशी एक पाटी होती: 'नियतकालिके' आणि वर तोंड केलेला बाण. आमच्या लेखी त्याचा अर्थ 'सरळ पुढे जा', कारण नियतकालिकांचा विभाग जिन्याच्या पलीकडे तळमजल्यावरच आहे. कागदावर छापून पाट्या भिंतीला चिकटवल्या आणि बाजूला उभं राहून बघितलं, तर लोक जिना चढून वर जात होते आणि वरून परत खाली येत होते. वरचा बाण 'सरळ' की 'वर', हे जिन्यापाशी कळतच नव्हतं.

आधी मला वाटलं बाणाचा आकार चुकलाय, म्हणून तो जाड केला, लांब केला. काही फरक पडला नाही. मग ती पाटी जिन्याच्या पायथ्यावरून काढली आणि जिना ओलांडल्यावर जी भिंत लागते तिथे नेली. जिन्यापाशी जी पाटी ठेवली तिच्यावर बाणच नाही, जिन्याचं चिन्ह आणि त्यापुढे मजल्याचा आकडा. आणि पूर्ण इमारतीत एक नियम केला, की वरचा बाण म्हणजे फक्त 'सरळ', मजला बदलायचा असेल तिथे बाण वापरायचाच नाही. पुन्हा लावून बघितलं तेव्हा लोक बरोबर जात होते.

निळी_शाई

हेच तुझं पत्र आहे! आधीच्या मसुद्यात याचा मागमूस नव्हता.

यातलं सगळ्यात मोलाचं काय, तर आधी बाण जाड केलास आणि त्याने काही झालं नाही, हे. दोष चित्रात नसून जागेत होता, हे तुला भिंतीपाशी उभं राहून कळलं. पाट्यांचं काम करणाऱ्या माणसाला ही ओळख लगेच पटते, कारण वरच्या बाणाचा हा घोळ खऱ्या इमारतींतही नेहमीचा आहे. पान 9 ते 14 मध्ये यातलं किती दिसतं?

कोरा_कागद

फक्त शेवटच्या पाट्या दिसतात. जाड बाणवाली आवृत्ती चांगली दिसत नव्हती म्हणून पोर्टफोलिओत घेतली नाही.

तिरपी_मात्रा

मी दोन वर्षांपासून एका स्टुडिओत ज्युनिअर आहे. गटाच्या कामाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते.

तुमच्या गटातले चौघंही आत्ता नोकरी शोधत असणार. पाट्यांचं काम करणारे स्टुडिओ थोडे, म्हणजे त्याच इनबॉक्समध्ये तुझ्या वर्गमित्राचा पोर्टफोलिओही जाणार आणि त्यातही हाच ग्रंथालय प्रकल्प असणार. आमच्याकडे असं झालं. दोन अर्ज, तेच मॉकअप, आणि दोन्ही पत्रांत 'मी संपूर्ण दिशादर्शक प्रणाली तयार केली'. दोघांपैकी कुणाचं खरं ते शोधायला कुणाकडे वेळ नव्हता. दोन्ही अर्ज बाजूला पडले. एकाचं तरी खरं असेलच ना, पण उपयोग झाला नाही.

म्हणून पाठवण्याआधी गटातल्या तिघांशी बोल आणि कुणी काय केलं ते एका ओळीत ठरवून घ्या. तीच ओळ पोर्टफोलिओत प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आणि पत्रात. दोन्हीकडे शब्द जुळले पाहिजेत. 'आम्ही' कुठे आणि 'मी' कुठे, हे पत्रात काटेकोर असू दे.

सायली_म

मधेच माझा प्रश्न घुसवते, माफ करा. मी दुसऱ्या क्षेत्रातून आलेय. आठ वर्षं शाळेत शिकवलं, आता एक वर्षाचा डिझाइनचा कोर्स केला. माझ्याकडे गटाचा प्रकल्प नाही, ग्राहकही नाही, सगळं स्वतः ठरवून केलेलं. पत्रात आधी शिक्षकी पेशा का सोडला ते समजावून सांगावं ना? माझ्या पत्राचं अर्धं पान त्यातच गेलंय.

निळी_शाई

@सायली_म, अर्धं पान फार झालं. का सोडलं, हा तुमच्या मनातला प्रश्न आहे. वाचणाऱ्याच्या मनात तो असलाच तर एका वाक्यापुरता. त्यापेक्षा शिकवण्याचा उपयोग कामात कुठे झाला ते दाखवा. फळ्यावर एका वेळी किती मजकूर मावतो आणि मागच्या बाकावरून काय वाचता येतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. एखाद्या पोस्टरमध्ये त्यामुळे तुम्ही काही वेगळं केलं असेल तर तेच लिहा. वेगळा धागा काढलात तर त्यावर नीट बोलू.

कोरा_कागद

दुसरा मसुदा केलाय. पूर्ण पत्र नाही, फक्त प्रकल्पाचा परिच्छेद:

> आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी दिशादर्शक पाट्यांचा प्रकल्प करताना आम्ही सर्वप्रथम वापरकर्त्यांचे सखोल निरीक्षण केले. त्यानंतर त्यांच्या गरजांचे विश्लेषण करून विविध संकल्पना विकसित केल्या. अनेक पर्यायांच्या चाचणीनंतर असे लक्षात आले की जिन्याजवळील पाटीवरील बाणामुळे वापरकर्त्यांचा संभ्रम होत आहे. त्यावर उपाय म्हणून आम्ही चिन्हव्यवस्थेची पुनर्रचना केली व त्यामुळे वापरकर्त्यांचा अनुभव लक्षणीयरीत्या सुधारला.

तिरपी_मात्रा

अगं, वर इतकं छान सांगितलंस आणि इथे सगळं पुसून टाकलंस. जिना गेला, नियतकालिकं गेली, वर जाऊन परत येणारी माणसं गेली. 'संभ्रम' राहिला. आणि दोन्ही वेळा 'आम्ही'. तू काय केलंस?

रंगारी

तिरपी_मात्रांशी सहमत. पत्र वाचलं जातं हे निळी_शाईंच्या अनुभवावरून मान्य करतो. पण मग एक शंका. हा प्रकल्प प्रत्यक्षात बसवला गेलाच नाही ना? मॉकअप इतके खरे दिसतात की काम उभं राहिलंय असं कुणालाही वाटेल. ते आपणहून कशाला सांगायचं? विचारलं तर सांगावं. स्वतःच्या कामाची किंमत स्वतः कमी करू नये.

निळी_शाई

इथे मी ठाम असहमत आहे. विद्यार्थ्याचं काम विद्यार्थ्याचं असतं, त्याने किंमत कमी होत नाही. मॉकअप बघून मीही क्षणभर फसते. मग मुलाखतीत साहजिकच विचारते, की पाट्या कशावर छापल्या, भिंतीला कशा बसवल्या, बसवताना काय अडचण आली? त्या वेळी 'बसवल्याच नाहीत' असं उत्तर आलं, की बाकीची 22 पानंही मी संशयाने बघायला लागते. पत्रात आधीच एक वाक्य असेल, की वर्गातला प्रकल्प, कागदी नमुने जागेवर लावून तपासले, तर मी प्रश्नच वेगळे विचारते. आणि कागद चिकटवून बघणं हा माझ्या दृष्टीने मोठाच गुण आहे. बरेचसे विद्यार्थी पडद्यावरच थांबतात.

परिच्छेदाबद्दल: तू इथे बोलून जे लिहिलंस त्यातलीच वाक्यं उचल. ही घे, मी फक्त छाटलं आहे:

> पान 9 ते 14 वरचा ग्रंथालयाचा प्रकल्प आम्ही चौघांनी वर्गात केला. त्यातले बाण, चिन्हे आणि पाट्यांवरच्या मजकुराची मांडणी माझी आहे. पाट्या कायमच्या बसवलेल्या नाहीत, कागदी नमुने जागेवर लावून तपासले. जिन्याच्या पायथ्याशी 'नियतकालिके' या शब्दापुढे वर तोंड केलेला बाण होता. 'सरळ पुढे' असे आम्हाला म्हणायचे होते, पण लोक जिना चढून वर जात. मी आधी बाण जाड केला, त्याने फरक पडला नाही. मग पाटी जिन्याच्या पलीकडच्या भिंतीवर नेली आणि जिन्यापाशी बाणाऐवजी जिन्याचे चिन्ह व मजल्याचा आकडा ठेवला. पुन्हा तपासले तेव्हा लोक सरळ जाऊ लागले.

इथे 'लक्षणीयरीत्या सुधारला' असं म्हणायची गरजच उरत नाही. लोक सरळ जाऊ लागले, एवढं पुरे. तुझ्याकडे मोजलेला आकडा नसेल तर टक्केवारी अजिबात घालू नकोस.

शक्य झालं तर जाड बाणाची पाटीही पान 12 च्या आसपास लहान आकारात घाल. पत्रात वाचलं आणि पान उघडल्यावर ते दिसलं, तर दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून राहतात.

मुद्रणकाका

मी छपाईच्या धंद्यातला, नोकरीच्या पत्रांचा अनुभव कमी. पण दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, पान क्रमांक. वर कुणीतरी म्हणालं मुखपृष्ठाला क्रमांक नको, आणि मुलगी म्हणाली नाहीच आहे. मग पत्रातलं 'पान 9' कोणतं? पानावर छापलेला 9, की पीडीएफ उघडल्यावर वरच्या चौकटीत दिसतो तो 9? मुखपृष्ठ मोजलं नसेल तर दोन्हींत एकाचा फरक पडणार. माणूस चौकटीत 9 टाकेल आणि आधीच्या प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर जाऊन पडेल. मुखपृष्ठावर आकडा छापू नका हवं तर, पण मोजताना त्याला 1 धरा.

दुसरी, पत्र सुबक मांडून, फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ पाठवावं. मेलमध्ये लिहिलेलं पत्र म्हणजे डिझायनरने हात झटकल्यासारखं वाटतं. तुमची अक्षरांची जाण पत्रातच दिसू दे की.

कोरा_कागद

काका, आत्ताच तपासलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, एका पानाचा फरक आहे! क्रमांक बदलतेय. म्हणजे प्रकल्प आता पान 10 ते 15.

निळी_शाई

पान क्रमांकाची गोष्ट फार महत्त्वाची, काकांचे आभार.

पत्र पीडीएफ करण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मेलने अर्ज असेल तर मजकूर मेलमध्येच हवा. बऱ्याचदा पहिली नजर फोनवर जाते. फोनवर एक जोडपत्र उघडून वाचायचं, परत येऊन दुसरं उघडायचं, हे होत नाही. अर्जाच्या फॉर्ममध्ये पत्रासाठी वेगळी जागा असेल तर मात्र एका पानाची पीडीएफ, आणि पोर्टफोलिओत जो फॉन्ट तोच. त्यात सजावट नको. समास, ओळींमधलं अंतर आणि परिच्छेद नीट असले की अक्षरांची जाण दिसतेच.

मुद्रणकाका

फोनचं लक्षात आलं नव्हतं. तरी मी दोन्ही पाठवीन. मेलमध्ये मजकूर, सोबत पीडीएफही.

तिरपी_मात्रा

दोन्ही पाठवले तर एकात बदल करून दुसऱ्यात राहून जाण्याची भीती असते. मी फक्त मेलमध्ये लिहिलं होतं. पण आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, ते अर्ज छापून घेऊन वाचतात, त्यांना काकांची पद्धत आवडेल.

पोर्टफोलिओच्या लिंकबद्दल: लिंक ड्राइव्हवर असेल तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघ. स्वतःच्या खात्यातून ती नेहमीच उघडते, समोरच्याला मात्र 'परवानगी मागा' असं दिसतं. जोडणार असशील तर जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, पण त्याच्या बरीच खाली राहा. चित्रं पडद्यापुरत्या रिझोल्यूशनवर आणलीस की 28 पानांची फाइल 10 एमबीच्या आत सहज बसते. फाइलचं नाव `final_new2.pdf` असं नको. तुझं नाव आणि `Portfolio`, बस.

कोरा_कागद

आता 'आपले काम प्रेरणादायी वाटते' या वाक्याचं काय करू? ते काढलं तर हाच स्टुडिओ का, हे कुठेच येत नाही.

सायली_म

मला कोर्समध्ये सांगितलं होतं, की स्टुडिओच्या एखाद्या कामातली त्रुटी दाखवून ती कशी सुधारता येईल ते लिहावं. म्हणजे आपण विचार करतो हे दिसतं.

निळी_शाई

ते मी करणार नाही. बाहेरून त्रुटी दिसते, पण ती ग्राहकाच्या आग्रहामुळे आली, खर्चामुळे की अग्निशमनाच्या नियमामुळे, हे बाहेरच्याला कळत नाही. समोर बसून बोलताना विचारायला तो उत्तम प्रश्न आहे. पत्रात तो निवाडा होतो.

त्याऐवजी त्यांचं एक काम निवड आणि त्यातली एक गोष्ट, जी तुझ्या प्रकल्पाशी जोडली जाते. संकेतस्थळावर त्यांचं पाट्यांचं काही काम आहे का?

कोरा_कागद

एका वस्तुसंग्रहालयाचं आहे. त्यात मजल्यांना वेगवेगळे रंग दिलेले नाहीत, सगळीकडे एकच रंग, फक्त मजल्याचा आकडा जिन्याच्या भिंतीवर माणसाएवढा मोठा रंगवलाय. जिना चढताना तो दिसतच राहतो. मी बाण काढून आकडा ठेवला होता, पण माझा आकडा पाटीवर, लहान. त्यांचं बघून कळलं, की तो पाटीवर असायलाच हवा असं नाही.

तिरपी_मात्रा

हेच लिही, जसंच्या तसं. 'प्रेरणादायी' म्हणजे काय ते आता कळलं.

रंगारी

आणि सॉफ्टवेअरची यादी? ती तरी हवी ना.

निळी_शाई

ती रेझ्युमेत. पत्रात नको. जाहिरातीत एखादं नाव घेऊन अट घातली असेल तरच एक वाक्य. 'प्रभुत्व' हा शब्द तर कुठेच नको. ज्युनिअरकडून कुणी प्रभुत्वाची अपेक्षा करत नाही, आणि परीक्षा घ्यायची झाली तर इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ स्टाइल वापरल्या आहेत की प्रत्येक ओळ हाताने रंगवलीय, हे फाइल उघडल्यावर लगेच दिसतं.

कोरा_कागद

पूर्ण पत्र. गटातल्या तिघांशी बोलले, कामाची वाटणी त्यांना मान्य आहे आणि तीच ओळ पान 10 वर घातलीय. जाड बाणाची पाटी पान 13 वर लहान आकारात आली.

> विषय: ज्युनिअर डिझायनर पदासाठी अर्ज
>
> नमस्कार,
> ज्युनिअर डिझायनर या पदासाठी अर्ज करीत आहे. मी यंदा ग्राफिक डिझाइनची पदवी घेतली. पोर्टफोलिओची लिंक खाली आहे. वेळ कमी असेल तर पान 10 ते 15 आधी पाहावे.
>
> ही पाने महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी चौघांनी वर्गात केलेल्या पाट्यांची आहेत. त्यातले बाण, चिन्हे आणि मजकुराची मांडणी माझी आहे. पाट्या कायमच्या बसवलेल्या नाहीत, कागदी नमुने जागेवर लावून तपासले. जिन्याच्या पायथ्याशी 'नियतकालिके' या शब्दापुढे वर तोंड केलेला बाण होता. 'सरळ पुढे' असे आम्हाला म्हणायचे होते, पण लोक जिना चढून वर जात. मी आधी बाण जाड केला (पान 13), त्याने फरक पडला नाही. मग पाटी जिन्याच्या पलीकडच्या भिंतीवर नेली आणि जिन्यापाशी बाणाऐवजी जिन्याचे चिन्ह व मजल्याचा आकडा ठेवला. पुन्हा तपासले तेव्हा लोक सरळ जाऊ लागले.
>
> तुमच्या वस्तुसंग्रहालयाच्या कामात मजल्याचा आकडा जिन्याच्या भिंतीवरच रंगवलेला पाहिला. चढताना तो सतत डोळ्यांसमोर राहतो. आमचा आकडा पाटीपुरता होता. ती खूण पाटीतून बाहेर काढता येते, हे तुमच्या कामातून कळले.
>
> पाट्यांचे काम प्रत्यक्ष बसवण्यापर्यंत शिकण्याची माझी इच्छा आहे. भेटीसाठी कोणत्याही दिवशी येऊ शकेन.

निळी_शाई

आता हे दुसऱ्या कुणाच्या नावाने खपणार नाही. 'नमस्कार' पुढे नाव घालता आलं तर घाल. संकेतस्थळावर कोण अर्ज बघतं ते दिलं असेल तरच, अंदाजाने नको.

तिरपी_मात्रा

मला शेवटचा परिच्छेद खटकतोय. 'पाट्यांचे काम शिकण्याची इच्छा' लिहिलंस आणि त्यांच्याकडे सध्या ओळखचिन्हांचं काम जास्त असेल तर? ज्युनिअरला पहिले महिने पडेल ते काम असतं. मी तर सुरुवातीला दुसऱ्यांच्या फाइलींत पानंच लावत होते. इतकं अरुंद लिहिलं की बाजूला ठेवतील.

निळी_शाई

मला उलट वाटतं. काय हवंय ते सांगणारी मुलगी लक्षात राहते, आणि 'कोणतेही काम चालेल' हे सगळेच लिहितात. पण तिरपी_मात्रा म्हणते तो धोका खरा आहे. स्टुडिओ पाट्यांसाठीच माणूस शोधतोय की नाही, हे जाहिरातीच्या शब्दांवरून बघ.

कोरा_कागद

जाहिरातीत तिन्ही कामांची नावं आहेत, पाट्या शेवटी. त्या वाक्यावर रात्री विचार करते. बाकी पत्र असंच ठेवते. लिंक इन्कॉग्निटोत उघडली, चालतेय. फाइल 8 एमबी झाली.

मुद्रणकाका

वाक्य ठेव. आणि पीडीएफही जोड.